प्लेटची मागची बाजू

छत्तीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. पचनसंस्थेचा धडा आला की फळ्यावर रंगीत खडूनं मोठं आतडं काढायचो. एका बाजूनं वर चढायचं, मग आडवं जायचं, दुसऱ्या बाजूनं खाली उतरायचं आणि शेवटी एक नागमोडी वळण घ्यायचं. "लांबी साधारण दीड मीटर. काम काय? पाणी शोषून घेणं," असं म्हणून पुढं सरकायचो. त्या शेवटच्या वळणाकडं मी कधी दोन मिनिटंही दिली नाहीत. आता त्याच वळणाचं टोक बेंबीच्या खाली डाव्या बाजूला माझ्या पोटावर बाहेर आलंय आणि दिवसातनं तीनदा मला त्याच्याकडं बघावं लागतं.

कसं झालं ते थोडक्यात सांगतो, कारण सांगायचं आहे ते पुढचं आहे. शौचातनं रक्त जात होतं आणि मी सहा महिने मूळव्याध समजून चूर्णं खात बसलो. दुर्बिणीनं तपासल्यावर गुदाशयात गाठ निघाली, तीही गुदद्वारापासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर. इतकी खाली असली की शौच रोखून धरणारे स्नायू वाचवून गाठ काढता येत नाही. आधी पाच आठवडे किरणांचा शेक आणि गोळ्या झाल्या, मग विश्रांती, मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन. त्यात गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढलं, खालची जागा कायमची शिवून टाकली आणि वरच्या आतड्याचं टोक पोटावर आणलं. त्याला स्टोमा म्हणतात. हे ऑपरेशन माईल्स नावाच्या इंग्रज सर्जननं १९०८ साली लिहून ठेवलेल्या पद्धतीवर आजही चालतं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. मास्तर माणूस, मला सनावळी ऐकली की जरा धीर येतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिथल्या स्टोमा सिस्टर पेन घेऊन आल्या. मला आडवं झोपवलं, मग बसवलं, मग उभं केलं, वाकायला लावलं. "सर, पँट कुठं बांधता?" मी दाखवलं. घडी पडत नाही, पट्ट्याखाली दबत नाही आणि मला स्वतःला मान वाकवून दिसते अशी जागा शोधून त्यांनी तिथं फुली मारली. तेव्हा मला हा सगळा सोपस्कार वाटला. त्या फुलीची किंमत पुढं कळली.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. गालाच्या आतला भाग असतो तसं लाल, ओलं, आणि जरा वर उचललेलं. सिस्टरनी बोट लावायला सांगितलं. मी डोळे मिटून लावलं तर काहीच कळेना. तिथं दुखण्याची संवेदनाच नसते. पुसताना कधी रक्ताचा ठिपका आला तरी घाबरायचं नाही, पण रंग काळपट किंवा जांभळा दिसला तर मात्र ताबडतोब फोन करायचा, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आमच्याकडं जी वापरतात ती दोन भागांची. एक प्लेट, म्हणजे मधे भोक असलेली चिकटपट्टी, ती कातडीला चिकटवायची. तिच्यावर प्लास्टिकची गोल कडी असते, तिच्यात पिशवी डब्याच्या झाकणासारखी कट्ट करून बसवायची. प्लेट तीन-चार दिवसांनी बदलायची, पिशवी खालच्या तोंडातनं रिकामी करत राहायची. ती एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, कारण वजन वाढलं की ती प्लेटला खाली ओढते. इतकं सगळं मला दवाखान्यात असताना तोंडपाठ होतं. घरी येऊन नापास झालो ते दुसऱ्याच प्रश्नात.

प्लेटचं भोक आपल्या स्टोमाच्या मापानं कात्रीनं कापायचं असतं. स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं, जास्त नाही. घरी सोडताना सिस्टरनी माप घेऊन दिलं होतं : चाळीस मिलिमीटर. मी शिस्तीचा माणूस. घरी आल्या आल्या कंपासपेटी काढली, पुठ्ठ्याचा नमुना केला आणि एका दुपारी दहाच्या दहा प्लेटा बेचाळीसनं कापून, गठ्ठा करून, वर तारीख घालून कपाटात ठेवल्या. सौ. म्हणाली, "व्वा, पेपर तपासून झाल्यागत दिसतंय." मलाही तसंच वाटलं.

दोन आठवडे बरे गेले. मग प्लेट चार दिवसांऐवजी तीन दिवस टिकायला लागली, मग दोन, आणि पाचव्या आठवड्यात एक रात्रही टिकेना. प्लेटखाली आधी खाज सुटायची, मग चुरचुरायचं, मग पहाटे अंथरूण बदलायला लागायचं. दोन वेळा सौ.नं न बोलता चादर धुतली. तिसऱ्या वेळी मीच उठून मोरीत नेली आणि नळ सोडून तिथंच बसून राहिलो. मला वाटायला लागलं की प्लेटाच खराब निघाल्या. मी वरनं चिकटपट्टी लावली, पोटाला पंचा घट्ट बांधला, जेवण निम्म्यावर आणलं. यातलं एकही काम उपयोगाचं नव्हतं. पट्टी लावल्यानं तर गळती नुसती झाकली जायची आणि कातडीवर जास्त वेळ बसायची.

शेवटी मुलगा मला घेऊन सिस्टरकडं गेला. त्यांनी प्लेट हळूच सोडवली, आणि माझ्या पोटाकडं बघायच्या आधी ती उलटी करून उजेडात धरली.

"सर, तुम्ही पेपर तपासत होता न्हवं? मग हे वाचा."

प्लेटची मागची बाजू पिवळसर असते. भोकाच्या भोवती सगळीकडनं ती पांढरी फटक पडून फुगली होती, भिजलेल्या बिस्किटासारखी. एका बाजूला नव्हे, चारी बाजूंनी सारखी. सिस्टर म्हणाल्या, एकाच बाजूला डाग असेल तर त्या बाजूला घडी किंवा खड्डा आहे असं समजायचं. सगळीकडं सारखं कडं भिजलं असेल तर भोकच मोठं आहे. मग त्यांनी मापाचं कार्ड लावलं. चाळीसचा स्टोमा आता एकतीस झाला होता.

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. ती सूज सहा ते आठ आठवडे ओसरत राहते, म्हणून तेवढे दिवस दर आठवड्याला माप घ्यायचं असतं, हे मला सांगितलं होतं. मी कागदावर लिहूनही घेतलं होतं. पण कापून ठेवलेला गठ्ठा दिसला की माणूस मोजायचं विसरतो. स्टोमा एकतीसचा आणि भोक बेचाळीसचं, म्हणजे भोवतीनं जवळजवळ साडेपाच मिलिमीटर कातडी उघडी. तिच्यावर दिवसरात्र शौच बसतं. कातडी सोलवटते, सोलवटली की पाझरते, ओल्या कातडीवर प्लेट धरत नाही, आणि धरत नाही म्हणून आणखी गळतं. मी आठवडाभर याच चक्रात फिरत होतो आणि दोष कंपनीला देत होतो.

उपाय साधा निघाला. कातडी नुसत्या कोमट पाण्यानं धुवायची. साबण नको, तेल नको, क्रीम तर नकोच, कारण चिकट काही राहिलं की प्लेट सरकते. धुऊन टिपून कोरडी करायची. जिथं ओलसर सोललं असेल तेवढ्यावर स्टोमा पावडर टाकायची आणि जादा सगळी झटकून काढायची. (मी पहिल्यांदा बोर्डावर खडूची भुकटी बसावी तशी ठेवली होती. त्या थरावर प्लेट काय चिकटणार?) मग चौतीसनं कापलेली नवी प्लेट दोन्ही तळहातांत धरून जरा ऊबवायची, बसवायची आणि वरनं हात ठेवून दोन मिनिटं तसंच थांबायचं. तिचा चिकटपणा उबेनं जागा होतो. आठ दिवसांत कातडी भरून आली. उरलेल्या मोठ्या भोकाच्या प्लेटा टाकून द्याव्या लागल्या. एकेका प्लेटेला काही शे रुपये पडतात. त्या टाकताना हात जड झाला, ते खरं आहे.

तेव्हापासून मी एक वही घातली. शाळेतली दैनंदिनी असते तशी. काय खाल्लं, किती वाजता, पिशवी किती वाजता भरली, प्लेट कितव्या दिवशी काढली आणि मागं काय दिसलं. तीन आठवड्यांत वहीनं मला एक गोष्ट दाखवली, जी मी मुलांना शिकवून पण कधी स्वतःवर बघितली नव्हती. सकाळी साडेसातला चहा-भाकरी पोटात गेली की पाऊणएक तासात आतडं कामाला लागतं. साडेनऊपर्यंत मोठं काम उरकतं, मग दुपारी तीनपर्यंत जवळजवळ शांत. माझ्यासारखा शेवटच्या वळणावरचा स्टोमा असला की शौच बऱ्यापैकी घट्ट येतं आणि वेळापत्रकही बसतं, कारण पाणी शोषायचा बराचसा रस्ता शाबूत राहिलेला असतो.

गॅसचं मात्र वेळापत्रक नसतं, आणि झाकणही नसतं. स्नायूच नाहीत तर रोखणार कशानं? जानेवारीत तालमीतले दोन जुने सोबती भेटायला आले होते. चहा चालला असताना माझ्या शर्टाखालनं लांबलचक आवाज आला. खोलीत सगळे गप्प. त्यातला एक म्हणाला, "गुरुजी, पोटात बेडूक पाळलाय काय वो?" मी हसलो, तेही हसले, पण ते गेल्यावर मी ठरवलं की आता घरातनं बाहेर पडायचं नाही. नंतर सिस्टरनी सांगितलं की आवाज यायला लागला की स्टोमावर तळहात किंवा कोपराखालचा हात सहज टेकवायचा, निम्मा आवाज दबतो. आता मी हाताची घडी घालून बसतो. चौथीच्या वर्गात बसवलेल्या मुलासारखा.

तर असा मी घरात बसलेलो असताना मुलानं विषय काढला. "आण्णा, रविवारी पन्हाळ्याला जाऊया की. पोरगी मागं लागलीया." मी नाही म्हणालो. सौ. आतनं म्हणाली, "किती दिवस घरात बसणार हाईसा? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, भिंती मोजायला न्हवं." ऑपरेशनला अकरा आठवडे झाले होते.

पन्हाळा आमच्या घरापासून वीसेक किलोमीटर. आयुष्यात शाळेच्या सहलीच किती नेल्या तिथं. पण या वेळी मी त्या वीस किलोमीटरची तयारी शनिवारी सकाळपासूनच सुरू केली. प्लेट शनिवारी बदलली, म्हणजे रविवारी ती ना अगदी नवी, ना जुनी. नवी प्लेट पुरती धरायला जरा वेळ घेते. शनिवारी रात्री मटकीची उसळ होती, मी नुसता भात आणि ताक घेतलं, कारण वहीत दिसत होतं की रात्री खाल्लेल्या कडधान्याचा फुगारा मला सकाळी येतो. कुठलाच पदार्थ कायमचा बंद नाही, एकेक करून घरात खाऊन बघा, असं सिस्टरचं म्हणणं. पण परीक्षेच्या आदल्या रात्री कोण नवीन धडा वाचतं?

जुन्या शबनम पिशवीत सामान भरलं. आधीच कापलेली एक प्लेट, दोन पिशव्या, मऊ सुती कापडाचे तुकडे, पाण्याची बाटली, काळ्या पिशव्या, वर्तमानपत्र, एक पँट आणि कपड्यांचा चिमटा. चिमट्याची युक्ती माझी स्वतःची. पिशवी बदलताना शर्ट खाली येतो आणि दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा शर्टाचं टोक वर दुमडून गळ्याशी चिमट्यानं अडकवायचं. आणखी एक, ही शबनम गाडीत ठेवायची नाही, खांद्यालाच ठेवायची. उन्हात तापलेल्या गाडीत प्लेटेचा चिकट थर मऊ पडतो.

साडेनऊचं काम उरकल्यावर दहाला निघालो. सीटबेल्टचा खालचा पट्टा पिशवीच्याही खाली, कंबरेच्या हाडावर घेतला. बुडाखाली साधी मऊ उशी. मधे भोक असलेली हवेची ट्यूब घ्यायचा मोह होतो, पण ती खालच्या टाक्यांची जागा दोन्हीकडनं ताणते. अकरा आठवड्यांनीही सलग अर्धा तास बसलं की तिथं रग लागते, म्हणून वाघबिळाच्या अलीकडं थांबून पाच मिनिटं उभा राहिलो. दुसरी एक गंमत अशी की खड्ड्यात गाडी आदळली की मला शौचाला लागल्यासारखं वाटतं. जागाच नाही, तरी वाटतं. नसांची जुनी सवय जात नाही. पहिल्यांदा मी घाबरलो होतो, आता त्या भावनेला "बदली झाली, पत्ता बदला" असं मनात सांगतो.

केर्लीला जोतिबाचा फाटा लागला तेव्हा सौ.नं गाडीतनंच हात जोडले. "येताना जाऊया का?" मी गप्प. अंबाबाईला मी दर शुक्रवारी जात असे, ऑपरेशननंतर एकदाही गेलो नव्हतो. पोटावर हे घेऊन देवळात कसं जायचं? माझ्या मनातलं ओळखून ती म्हणाली, "आत गाभाऱ्यात उभे राहतात त्यांच्या पोटात काय अत्तर असतंय व्हय?" सूनबाई पुढच्या सीटवर पदर तोंडाला लावून हसत होती.

तीन दरवाज्यापाशी नातीनं हात धरून सगळं विचारून घेतलं. सिद्दी जौहर, १६६०, तो पावसाळी रातोरातचा विशाळगडचा रस्ता. मी बोलत सुटलो. बोलता बोलता थंड वाऱ्यात लक्षात आलं की अर्ध्या तासात मी पोटाला एकदाही हात लावला नव्हता. लावला, तर पिशवी फुग्यासारखी टम्म. पिशवीला गॅस जायला छोटा फिल्टर असतो, पण तो एकदा ओला झाला की काम करत नाही. मी जेवायच्या आधी पिशवीच बदलून टाकायची ठरवलं.

जेवायला थांबलो तिथला संडास भारतीय. खालच्या टाक्यांमुळं मला उकिडवं बसता येत नाही, आणि उभ्यानं पिशवी उघडली की शिंतोडे उडतात. इथं दोन भागांच्या पिशवीचा फायदा. प्लेट तशीच ठेवून नुसती पिशवी काढायची, नवी लावायची. आत खुंटी नव्हती, दिवा मिणमिणता होता. शबनम गळ्यात अडकवली, शर्टाला चिमटा लावला. भरलेली पिशवी कडीवरनं वरच्या बाजूनं सोडवली, तोंड बंद केलं, वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत बांधली. कापडानं कडी पुसली. नवी पिशवी दाबली. कट्ट आवाज आला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. मी शर्ट सोडला आणि बाहेर आलो.

झुणका-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. तिसरा घास घेताना मला वास आला.

आधी वाटलं, कांदा असेल. मग वाटलं, मागं गटार असेल. मग वाटलं, माझ्या मनाचे खेळ, कारण पहिले काही आठवडे मला सगळीकडं तोच वास यायचा. स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून आम्ही घरी एक शब्द ठरवला होता. मी सौ.कडं वाकून विचारलं, "खडू संपला काय?" तिनं हातातला घास ठेवला, जरा माझ्याकडं झुकली आणि म्हणाली, "संपला."

या बाबतीत सिस्टरचा नियम मी पाठ केलाय. पिशवीचं प्लास्टिक वास धरून ठेवतं. पिशवी उघडताना वास येणारच, पण बंद असताना आला तर कुठंतरी वाट फुटली आहे, अत्तर मारत बसू नका, जागा शोधा. जागा तीनच. खालचं तोंड नीट पुसून बंद झालेलं नसेल, प्लेट कातडीवरनं सुटत असेल, किंवा कडी पुरती बसली नसेल. खाज नव्हती, चुरचुर नव्हती, म्हणजे प्लेटेची शक्यता कमी. मी उठलो. मुलगा पाठोपाठ उठायला लागला, त्याला खुणेनं बसवलं.

या वेळी मोबाईलचा दिवा दातांत धरून बघितलं. कडी वरनं आणि बाजूनं बसली होती, खालच्या बाजूला बोटभर उघडी होती. मी ऐकलेला कट्ट वरच्या अर्ध्याचा होता. एक आवाज आला म्हणजे सगळी कडी बसली असं नसतं. बसवताना खालनं सुरुवात करायची, पोट जरा ताठ करायचं म्हणजे दाबायला आधार मिळतो, बोट कडीभोवती पुरतं एक फेरी फिरवायचं आणि शेवटी पिशवी हलकेच ओढून बघायची. हे घरी मी रोज करतो. दारावर टकटक झाली आणि विसरलो. कडीवर थोडंसं आलं होतं, बाहेर काहीच नाही. पुसलं, बसवलं, बोट फिरवलं, ओढून बघितलं. बाहेरून परत टकटक झाली. "थांबा जरा!" मी वर्गातला आवाज काढला. बाहेरची टकटक बंद.

परत आलो तर झुणका गार झाला होता. नातीनं विचारलं, "आबा, कुठं गेलतासा?"

"पिशवी नीट लावायला."

"पोटावरची?" तिनं शेजारच्या टेबलालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. "मी शाळेत सांगितलंय सगळ्यांना. बाईंनी चित्र काढायला सांगितलंतं आजोबांचं, मी पिशवी पण काढली."

"कुठल्या बाजूला काढलीस?"

तिनं विचार करून तिच्या उजव्या बाजूला हात ठेवला. मी म्हणालो, "चूक. डाव्या." शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि ठेच्याची वाटी पुढं ओढली.

जोतिबाला त्या दिवशी गेलो नाही. तीन वाजायच्या आत घरी पोचायचं होतं, आणि बुडाला रग लागली होती. मी सौ.ला रविवार सांगितला, तिनं कॅलेंडरवर फुली केली.

सोमवारी प्लेट काढायचा दिवस नव्हता, तिसरा दिवस होता. पण काल इतका वेळ गाडीत बसलो होतो, आत काय झालंय ते बघावंसं वाटलं. चहाच्या आधी, आतडं झोपेत असताना, मी आरशापुढं उभा राहिलो आणि कातडी एका हातानं खाली दाबत वरच्या कडेनं प्लेट हळूहळू सोडवली. उलटी करून खिडकीत धरली. भोकाभोवती कडं बारीक आणि सारखं, म्हणजे चौतीसचं माप बरोबर. पण घड्याळात पाच वाजतात त्या दिशेला एक तपकिरी जीभ आत गेलेली होती, सेंटिमीटरभर. बाहेरच्या कडेपर्यंत पोचली नव्हती. आणखी एक दिवस गेला असता तर पोचली असती.

मी खुर्ची आरशापुढं ओढली आणि काल गाडीत बसलो होतो तसाच जरा ढेपाळून बसलो. उभं असताना सपाट दिसणाऱ्या पोटाला, स्टोमापासून जांघेकडं, एक बारीक घडी पडली. ऑपरेशनच्या आधी सिस्टरनी मला बसवून बघितलं होतं तेव्हा ती नव्हती. मधे माझं नऊ किलो वजन उतरलं आणि त्या रिकाम्या कातडीत ती नव्यानं तयार झाली. म्हणजे फुली बरोबर होती, पोट बदललं.

पेस्टची नळी काढली. ही पेस्ट म्हणजे डिंक नव्हे. रंगारी भिंतीच्या चिरेत लांबी भरतात, तशी ती लांबी. सगळीकडं फासली की प्लेट उलट लवकर सुटते. नळीतनं ज्वारीच्या दाण्याएवढे तीन ठिपके त्या घडीत दिले. कातडी सोललेली असली तर ती चांगलीच झोंबते, कारण तिच्यात स्पिरिट असतं, पण आता कातडी धड होती. मिनिटभर सुकू दिली, ओल्या बोटानं सपाट केली. प्लेट हातांत ऊबवली आणि या वेळी उभ्यानं नाही, खुर्चीत ताठ बसून बसवली. वर हात ठेवला.

सौ.नं स्वयंपाकघरातनं विचारलं, "चहा टाकू?"

"दोन मिनिटं थांब," मी म्हणालो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजायला लागलो.